परत दिलेल्या वस्तूचे पैसे: थांबू नका, संदर्भ क्रमांक मागा

ऑनलाइन घेतलेली वस्तू पसंत पडली नाही किंवा सदोष निघाली, आपण ती परत केली, मुलगा येऊन घेऊन गेला, ॲपवर हिरवी खूणही उमटली. पैसे मात्र आले नाहीत. आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रावर सध्या या तक्रारीचे लोक सगळ्यात जास्त येतात आणि बहुतेकांची हकीकत एकसारखी असते. कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी थांबायला सांगितलं, पुन्हा फोन केला, पुन्हा थांबायला सांगितलं. असं करता करता महिना जातो. मग माणूस एक तर चिडून सोडून देतो, नाही तर भलत्याच्या हाती लागतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. रिफंड दोनच ठिकाणी अडकतो. एक, पैसे कंपनीकडून निघालेलेच नसतात. दोन, पैसे निघालेले असतात पण तुमच्या खात्यात पोचलेले नसतात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात बँकेत खेटे घालून काही उपयोग नाही, आणि दुसऱ्या प्रकारात कस्टमर केअरशी भांडून नाही. तुमचं प्रकरण यांतलं कुठलं आहे हे कळण्याची खूण म्हणजे संदर्भ क्रमांक.

पैसे खरोखर पाठवले गेले असतील तर बँकिंगच्या यंत्रणेत त्या व्यवहाराचा एक क्रमांक तयार होतोच. यूपीआयने परत आले असतील तर १२ आकडी आरआरएन. कार्डावर परत आले असतील तर २३ आकडी एआरएन. खात्यात एनईएफटीने टाकले असतील तर यूटीआर. हा क्रमांक कंपनीजवळ असेल तर पैसे निघालेत. तो देता येत नसेल, तर ॲपवर काहीही लिहिलेलं असो, पैसे निघाले असं धरून चालू नका.

कंपनीचा स्वतःचा 'रिफंड आयडी' वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. तो बहुधा इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून झालेला असतो आणि फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर सापडतो. तो घेऊन बँकेत गेलात तर काउंटरवरच्या माणसाला त्यातून काहीही शोधता येणार नाही.

मिरजेच्या एका ताईंचं प्रकरण सांगतो, म्हणजे हे स्पष्ट होईल. त्या अंगणवाडी सेविका आहेत. त्यांनी एका मोठ्या संकेतस्थळावरून ४,१९९ रुपयांचा मिक्सर घेतला आणि पैसे यूपीआयने भरले. मिक्सर ६ जानेवारीला आला. मोठ्या जारचं झाकण लॉकच होत नव्हतं. त्यांनी ८ तारखेला ॲपवर परत करण्याची विनंती टाकली. १० तारखेला पिकअपचा मुलगा आला. त्याने खोका उघडला, मिक्सर, तीन जार आणि वॉरंटी कार्ड मोजून घेतलं, खोक्याचा फोटो काढला आणि ताईंच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून टाकला. लगेच पिकअप झाल्याचा मेसेज आला. १४ तारखेला 'वस्तू मिळाली' आणि १५ तारखेला 'रिफंड पूर्ण झाला' असं ॲप सांगू लागलं. पैसे पाच कामकाजाच्या दिवसांत जमा होतील, असंही त्याच पानावर होतं.

२४ तारीख उलटली तरी खात्यात काही नाही. ताईंनी चॅटवर विचारलं. ७२ तास थांबा, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, तेव्हा 'आमच्याकडून पैसे गेले आहेत, बँकेत चौकशी करा.' त्या बँकेत गेल्या. तिथे कुणीतरी पासबुक भरून दिलं आणि म्हणालं, असं काही आलेलंच नाही. त्यांच्याकडे क्रमांक होता, पण तो कंपनीचा रिफंड आयडी होता. इथपर्यंत प्रकरण आल्यावर त्या आमच्याकडे आल्या.

आम्ही त्यांना चॅट बंद करायला सांगितलं. चॅटवरच्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. समोरच्या पडद्यावर जे दिसतं तेच तो वाचून दाखवतो, आणि पडद्यावर 'रिफंड पूर्ण' असेल तर तो दहा वेळा तेच सांगणार. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तक्रार करायची ती तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्र सरकारने २०२० साली ई-कॉमर्ससाठी नियम केले. त्यांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, हुद्दा व संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'Grievance Officer' किंवा 'Grievance Redressal' असं लिहिलेलं असतं, तिथे तो सापडतो. तक्रार पोचल्याची पोच त्याने ४८ तासांच्या आत द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांकही मिळाला पाहिजे, म्हणजे ती कुठवर आली हे तुम्हाला पाहता येतं. चॅटवर शंभर वेळा विचारलंत तरी हे घड्याळ सुरू होईलच असं नाही. या अधिकाऱ्याला मेल गेला की सुरू होतं.

याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, ते प्रत्येक ग्राहकाला माहीत असावं. मान्य झालेल्या रिफंडचे पैसे वाजवी मुदतीत देण्याची जबाबदारी ई-कॉमर्स कंपनीवर आहे. आणि या नियमांत 'ई-कॉमर्स कंपनी' म्हणजे ती बाजारपेठ चालवणारी कंपनी. तिच्यावर माल विकणारा विक्रेता त्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे 'विक्रेत्याने मंजुरी दिलेली नाही, आम्ही फक्त मधले' असं उत्तर मिळालं आणि ॲपवर रिफंड मान्य झाल्याचं दिसत असेल, तर ते उत्तर मान्य करू नका. पैसे तुम्ही त्या कंपनीकडे भरलेत आणि परत देण्याची जबाबदारीही तिचीच आहे.

'वाजवी मुदत' म्हणजे किती दिवस, हे नियमात आकड्याने दिलेलं नाही. म्हणून कंपनीनेच दिलेला आकडा वापरायचा. तिच्या रिफंडच्या पानावर किंवा तुमच्या ऑर्डरवर 'अमुक दिवसांत' असं लिहिलेलं असतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह घेऊन ठेवा. स्वतःच दिलेला शब्द कंपनीला नाकारता येत नाही.

ताईंनी पाठवलेला मेल असा होता:

"माझ्या ऑर्डर क्रमांक (…) मधील मिक्सर, किंमत ४,१९९ रुपये, १० जानेवारी रोजी आपल्या माणसाने ओटीपी घेऊन परत नेला. वस्तू मिळाल्याचे आपल्या ॲपवर १४ जानेवारीला आणि रिफंड पूर्ण झाल्याचे १५ जानेवारीला दाखवले आहे. आपण सांगितलेली पाच कामकाजाच्या दिवसांची मुदत संपली असून माझ्या खात्यात रक्कम जमा झालेली नाही. १५ ते २७ जानेवारीचा खातेउतारा जोडला आहे. रक्कम पाठवली असल्यास यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि ती कोणत्या खात्यावर पाठवली हे कळवावे. पाठवली नसल्यास कारण कळवून रक्कम त्वरित द्यावी. या तक्रारीची पोच ४८ तासांत मिळावी."

बस, एवढाच मजकूर. शिव्याशाप नाहीत, मनःस्ताप झाल्याचं लांबलचक वर्णन नाही. मागणी एकच आहे आणि तिला उत्तर देण्यावाचून वाट नाही. मेल इंग्रजीत लिहिला तर बहुधा लवकर वाचला जातो, म्हणून ताईंच्या भाच्याने तो इंग्रजीत पाठवला. सोबत चार स्क्रीनशॉट जोडले: ऑर्डर, पिकअपचा मेसेज, 'वस्तू मिळाली' आणि 'रिफंड पूर्ण झाला' हे पान. पूर्ण पासबुक पाठवायची गरज नसते. तेवढ्याच तारखांचा उतारा द्यावा आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकावेत.

मेल २७ जानेवारीला गेला. पोच दुसऱ्याच दिवशी आली. २ फेब्रुवारीला उत्तर आलं की रिफंडचा पहिला व्यवहार बँकेकडून परत आला होता, तो आता पुन्हा पाठवला आहे, आणि हा १२ आकडी क्रमांक. ३ तारखेला पैसे खात्यात जमा झाले. म्हणजे १५ जानेवारीपासून ॲप 'रिफंड पूर्ण' म्हणत होतं, पण पैसे कंपनीकडेच पडून होते. क्रमांक मागितला तेव्हा कुणीतरी तो शोधायला बसलं आणि व्यवहार फसलेला त्यांच्या ध्यानात आला.

सगळीच प्रकरणं इतकी सरळ नसतात. पिकअप झालं पण गोदामात वस्तू पोचल्याची नोंदच नाही, असंही होतं. वाटेत खोका हरवतो, चुकीच्या गोदामात जातो किंवा त्यावरचं लेबल फाटतं. अशा वेळी 'वस्तू आमच्यापर्यंत आली नाही' असं उत्तर येतं. ही तुमची जबाबदारी नाही. कंपनीने पाठवलेल्या माणसाच्या हाती वस्तू दिली, ओटीपी दिला, तिथे तुमचं काम संपलं. मात्र ते दाखवता आलं पाहिजे. परतीच्या खोक्याचा एक वेगळा कुरिअर क्रमांक असतो, त्याला एडब्ल्यूबी म्हणतात. वस्तू आली त्या वेळचा क्रमांक वेगळा आणि ती परत गेली त्याचा वेगळा. ॲपवर परतीच्या तपशिलात किंवा पिकअपच्या मेसेजमध्ये तो मिळतो. तो मेलमध्ये लिहिला की खोका कुठे थांबला हे कुरिअरकडून काढणं हे कंपनीचं काम ठरतं. यापुढे कधी काही परत कराल, तेव्हा खोका बंद करण्याआधी वस्तूचा आणि बंद केल्यावर लेबलचा फोटो काढून ठेवत जा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं उत्तर असतं, 'तपासणीत वस्तू बाद झाली.' वापरलेली निघाली, सुटे भाग कमी निघाले, वेगळीच वस्तू आली, असं काहीही सांगितलं जातं. तेव्हा लगेच लेखी विचारा की कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, आणि गोदामात काढलेले फोटो द्या. पिकअपच्या वेळी त्यांच्याच माणसाने वस्तू तपासून, मोजून घेतली असेल तर तसं आवर्जून लिहा. कंपनीला फोटो देता आले नाहीत, तर पुढे ग्राहक आयोगासमोर त्या कारणाचं वजन फारसं राहत नाही.

आता पैसे निघालेले असतात पण पोचत नाहीत, ती बाजू. कॅश ऑन डिलिव्हरीने घेतलेल्या वस्तूंचं हे जास्त होतं, कारण रिफंडसाठी खात्याची माहिती आपण स्वतः भरतो आणि तिथे चूक होते. खातेदाराच्या नावात फरक असतो, एखादा आकडा चुकतो. आपल्याकडे एक खास कारण आहे ते बँकांचं विलीनीकरण. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. त्यांचे जुने आयएफएससी कोड आता चालत नाहीत. कितीतरी लोकांच्या ॲपमध्ये ते अजून तसेच साठवलेले असतात. पैसे जातात, परत फिरतात आणि ॲपला ते लवकर कळतही नाही. म्हणून आधी ॲपमधली खात्याची माहिती पासबुकाशी ताडून पाहा.

कार्डावरचा रिफंड असेल आणि कंपनीने २३ आकडी एआरएन दिला, तर तो बँकेला लेखी द्या. त्यावरून बँकेला पैसे कुठे आहेत हे काढता येतं. क्रेडिट कार्डवर रिफंड पुढच्या महिन्याच्या बिलातही दिसू शकतो, पण तो येणार म्हणून चालू बिल थकवू नका. व्याज आणि दंड तुमच्याच माथी बसतो. आणि कंपनी काहीच दाद देत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे 'वस्तू परत दिली, पैसे मिळाले नाहीत' असा डिस्प्यूट नोंदवता येतो. याला चार्जबॅक म्हणतात. याची मुदत साधारण १२० दिवसांच्या आसपास असते, त्यामुळे कस्टमर केअरच्या आश्वासनांवर चार महिने घालवलेत तर हा रस्ता बंद होतो. इतकं होऊनही बँकच दाद देत नसेल, तर तिच्याकडे तक्रार करून ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र चूक बँकेची असेल तरच.

यूपीआय व्यवहार फसला तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. रिझर्व्ह बँकेचं तसं परिपत्रक २०१९ चं आहे, हे खरं. पण ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत अशा वेळी. तुमची खरेदी व्यवस्थित झाली आणि नंतर वस्तू परत केली, या रिफंडला ते लागू होत नाही. तक्रारीत ते लिहिलंत तर कंपनी तेवढाच मुद्दा पकडून उत्तर देईल आणि मूळ प्रश्न बाजूला राहील.

एक आमिष मात्र जरूर ओळखा. 'बँकेत यायला वेळ लागेल, वॉलेटमध्ये आत्ता टाकतो' असं सांगितलं जातं. ऑनलाइन भरणा स्वीकारणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला नियम असा की रिफंड मूळ ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत गेला पाहिजे. दुसरा मार्ग ग्राहकाने मान्य केला तरच. तुम्हाला चालत असेल तर वॉलेट घ्या, पण ते तुमच्या संमतीवर आहे हे लक्षात ठेवून घ्या. त्या पैशाने पुन्हा त्याच दुकानात खरेदी करावी लागते. जमा झालेल्या रकमेचा आकडाही नीट पाहा. डिलिव्हरीचे किंवा हाताळणीचे पैसे कापलेले असतात. वस्तू सदोष होती म्हणून परत केली असेल, तर ती कपात का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता फसवणुकीचं. रिफंड अडकलेला माणूस घाईत असतो आणि नेमका तिथेच चोर बसलेला असतो. लोक गूगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि पहिला दिसेल त्याला फोन लावतात. कुणी समाजमाध्यमावर ऑर्डर क्रमांकासकट तक्रार टाकतो आणि काही वेळात 'आम्ही मदत करतो' म्हणून फोन येतो. समोरचा माणूस अगदी सभ्य बोलतो. मग एखादं स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतो, क्यूआर कोड पाठवतो, 'रिफंड घेण्यासाठी' यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे दिले. नंबर फक्त कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. आणि दुर्दैवाने असं काही झालंच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असते.

तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच दिली नाही, किंवा महिन्यात काही केलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जा. क्रमांक १९१५ आहे आणि मराठीत बोलता येतं. संकेतस्थळ consumerhelpline.gov.in आहे. मोठ्या ई-कॉमर्स कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार थेट त्यांच्या संबंधित विभागाकडे जाते. आमच्या अनुभवात अडकलेले बरेच रिफंड इथेच सुटतात. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, ती मध्यस्थी करते. कंपनी अडूनच बसली तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे.

तिथे जायला लोक घाबरतात आणि त्याचं कारण असं की कोर्ट म्हटलं की वकील, फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा डोळ्यापुढे येतात. तारखांची भीती काही अगदी खोटी नाही, निकालाला वेळ लागतो. बाकीची मात्र खोटी आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लागत नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला. घरबसल्या e-jagriti.gov.in वर दाखल करता येते. आणि पुष्कळ वेळा आयोगाची नोटीस गेली की कंपनीकडून तडजोडीचा फोन येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे करावं लागतं.

तुमचा रिफंड आज अडकलेला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ऑर्डरचं पान उघडा. पिकअपची तारीख, परतीचा एडब्ल्यूबी क्रमांक आणि रिफंडची स्थिती यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता शोधून, वर दिलेल्या मजकुरात तुमचे आकडे घालून मेल आजच पाठवा. रक्कम तीनशे रुपयांची असली तरी पाठवा.